घरघंटीच्या आवाजाची तक्रार सोसायटीच्या ग्रुपवर आली, तर उत्तर काय द्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या एका चार मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. डिसेंबरात एका सकाळी खालच्या काकांनी ग्रुपवर लिहिलं: "रोज सकाळी वरून गिरणीसारखा आवाज येतो. ही बिल्डिंग आहे की कारखाना? कोणाला काही वाटतं का?" नाव कुणाचंच नव्हतं. पण त्या वेळी आमच्या ड्राय बाल्कनीत बाजरीचं दळण चालू होतं. त्या तक्रारीचं पुढे काय झालं, हे ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

तक्रारीत आपलं नाव नसेल, तर गप्प बसलेलं बरं नाही का?

नाही. आवाज आपला आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर ते आपणच सांगावं. आपण गप्प बसलो की वरच्या दोन-तीन घरांवर संशय जातो आणि काकांना रोज कान देऊन शोध घ्यावा लागतो. चार दिवसांनी नाव कळलंच, तर "माहीत असून बोलले नाहीत" हे मनात राहतं आणि ते आवाजापेक्षा जास्त दिवस टिकतं.

आवाज आपला आहे की नाही याची खात्री नसेल, तर तेवढंच लिहावं: "आमच्याकडे सकाळी घरघंटी चालते. तो आवाज तिचा आहे का ते तपासून आज रात्रीपर्यंत सांगते." आणि खरंच तपासावं. काँक्रीटच्या इमारतीत आवाजाची दिशा फसवते. खांबातून आणि बीममधून तो दोन मजले उतरतो, कधी शेजारच्या फ्लॅटकडेही वळतो. त्यामुळे "वरून येतो" म्हणजे नेमका डोक्यावरच्या घरातून येतो, असं धरून चालता येत नाही.

तुम्ही नेमकं काय लिहिलंत?

पहिला मजकूर मी रागात टाइप केला होता. "काका, सकाळी नऊला दळतो, रात्री नाही. मे महिन्यातही दळत होतो, तेव्हा कुणी काही बोललं नाही." तो पाठवला नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण काकांच्या खोलीतला आवाज त्यातल्या एकाही वाक्याने कमी होणार नव्हता. अर्ध्या तासाने हे पाठवलं:

"काका, तो आवाज आमच्या घरघंटीचा आहे. सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही दळण लावतो. खाली इतकं जाणवत असेल याची कल्पना नव्हती. त्रास झाला, मनापासून सॉरी. उद्यापासून सकाळचं दळण बंद ठेवते. शनिवारी संध्याकाळी पाचला मी तुमच्याकडे येऊ का? मुलगी वर घंटी चालू-बंद करेल आणि आपण खाली बसून ऐकू. म्हणजे आवाज कुठून उतरतो ते कळेल आणि त्याप्रमाणे काम करून घेता येईल. तोवर दळण कोणत्या वेळेला लावलेलं चालेल, ते तुम्ही सांगा."

काकांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: "या. चहाला या."

या मजकुरातलं काय महत्त्वाचं आहे?

आवाज कशाचा आणि किती वाजता, हे आधी सांगितलं. त्यामुळे काकांना कळलं की आपण त्यांच्या बोलण्यावर शंका घेत नाही. "उद्यापासून बंद" हे लगेच करता येण्यासारखं होतं. शनिवार, पाच वाजता, असा दिवस आणि वेळ ठरवून दिली. "बघते", "काहीतरी करू" असं लिहिलं असतं, तर समोरच्याला ते टाळल्यासारखंच वाटलं असतं.

शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. वेळ मी ठरवली नाही, त्यांना विचारली. दुपारी दोन ते चार झोपेची वेळ सोडून दळावं, असं मी मनात धरून चालले होते. ते साफ चुकीचं होतं, हे शनिवारी कळलं.

आणखी एक. "कारखाना" या शब्दाला मी उत्तर दिलं नाही. माणूस वैतागला की असा शब्द निघतो. आपण तो धरून बसलो, तर पुढचं बोलणं त्या शब्दावरच होतं आणि दळण बाजूला राहतं.

उत्तर ग्रुपवर द्यावं की थेट फोन करावा?

तक्रार ग्रुपवर आली असेल, तर पहिलं उत्तर ग्रुपवरच द्यावं, आणि एकदाच. नाहीतर बाकीच्या घरांना वाटतं की दखलच घेतली नाही. त्यानंतरचं सगळं फोनवर किंवा घरी जाऊन.

दुसरे लोक आपली बाजू घेऊन बोलायला लागले तर?

हे होतंच. आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या दादांनी लिहिलं, "दिवसाढवळ्या आवाज होणारच, एवढं काय त्यात." ते माझ्या बाजूने बोलत होते, पण त्यामुळे काका एकटे पडत होते. मी लिहिलं, "दादा, धन्यवाद. पण काकांना खरंच त्रास होतोय, आम्ही दोघं मिळून मार्ग काढतोय." त्यावर कुणी पुढे बोललं नाही. आपल्या बाजूने उठलेला आवाज आपणच थांबवायचा असतो, ते काम तक्रार करणाऱ्याला जमत नाही.

घंटी तीच, जागा तीच. मग उन्हाळ्यात तक्रार का नव्हती?

माझ्या मनातही पहिल्यांदा हेच आलं होतं. उत्तर काकांच्या खोलीत वर बघितल्यावर मिळालं. पंखा बंद होता. मे महिन्यात प्रत्येक खोलीत पंखा फिरत असतो, खिडक्या उघड्या असतात, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येतो. त्या सगळ्यात घंटीची घरघर बुडून जाते. नाशिकच्या डिसेंबरात, निफाडचा पारा रोज बातम्यांत असतो त्या दिवसांत, पंखे बंद आणि खिडक्या घट्ट. खोली शांत झाली की तीच घरघर उघडी पडते. शिवाय थंडीत बाजरीच्या भाकरी, पुढे भोगी आणि संक्रांत, म्हणजे दळणही वाढलेलं. आवाज पूर्वीइतकाच होता, तरी काकांची तक्रार खरी होती.

शनिवारी खाली बसून काय तपासलंत?

मी, काका आणि काकू मागच्या बेडरूममध्ये बसलो. मुलगी वर, फोन चालू ठेवून. ती कधी सुरू करणार हे आम्हाला सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. माहीत असलं की नसलेला आवाजही ऐकू येतो.

आधी तिने घंटी रिकामी फिरवली, धान्य न घालता. तरीही खाली घुमणारा बारीक आवाज आला. काकांनी माझा हात धरून भिंतीवर ठेवला. तळव्याला थरथर लागत होती, आणि पलंगाचा कडेचा दांडा त्या भिंतीला टेकलेला होता. म्हणजे झोपलेल्या माणसाला ती थरथर थेट अंगात जाणवणार. मग तिने गहू घातले. आवाज थोडा खरखरीत झाला, फार वाढला नाही.

यातून बरंच कळलं. रिकाम्या घंटीचाही त्रास होत असेल, तर दोष मोटरची थरथर इमारतीत उतरण्याचा आहे. दळतानाच आवाज वाढत असेल, तर जाळी आणि आतली सफाई बघावी. ओलसर धान्य दळलं की पीठ आत चिकटून बसतं, फिरणाऱ्या भागाचा तोल जातो आणि घंटी हादरायला लागते. आमच्या घंटीत तसं थोडंच होतं.

मग तिसरी फेरी. मुलीला सांगितलं, घंटी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ आणि पुन्हा लाव. खाली भिंतीवरचा हात मी तसाच ठेवला होता. थरथर निम्म्याहून कमी झाल्यासारखी वाटली. काकू लगेच म्हणाल्या, "आता बरंय की."

घंटीची पाठ भिंतीला टेकलेली होती, एवढंच. आमची ड्राय बाल्कनी आणि मागची बेडरूम यांच्यामधली ती भिंत. सगळ्या मजल्यांचा नकाशा एकच असल्याने त्याच भिंतीखाली काकांची बेडरूम. आम्ही जागा वाचवायला म्हणून घंटी मागे सरकवली होती.

वेळेचं काय ठरलं?

चहा घेताना कळलं की त्या मागच्या खोलीत त्यांचा मुलगा झोपतो. तो अंबड एमआयडीसीत कामाला आहे आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात तो सकाळी सातला सुटतो, साडेसातला घरी येतो, चहा घेऊन साडेआठला झोपतो. मी नऊला घंटी लावत होते. त्याच्यासाठी ते रात्री अकराला लावल्यासारखं होतं. काका स्वतःसाठी नव्हे, पोरासाठी वैतागले होते, आणि ते त्यांनी ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

मग आम्ही कागदावर तीन शिफ्ट मांडल्या. फर्स्ट शिफ्टला तो सात ते तीन कामावर, घरी येऊन जेवून तासभर लवंडतो. सेकंडला तीन ते अकरा कामावर, म्हणजे सकाळी उशिरापर्यंत झोप. थर्डला सकाळी साडेआठपासून दुपारी तीनपर्यंत झोप. या तिन्हींत मोकळी राहणारी वेळ एकच निघाली: संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. आमचं पाच किलोचं दळण पाऊण तासात होतं, त्यामुळे एवढा वेळ पुरतो. दर आठवड्याला वेळ बदलायची गरज नाही आणि शिफ्ट लक्षात ठेवायचीही गरज नाही. सातपूर-अंबडच्या बाजूला शिफ्टवाली घरं खूप आहेत, तिथे हा कागद प्रत्येकाने करून बघावा.

घंटीखाली काय घातलंत? किती खर्च आला?

हार्डवेअरच्या दुकानातून बारा मिलिमीटर जाडीची रबर शीट आणली आणि तिचे तळहाताएवढे चार तुकडे केले. त्यावर घंटीच्या मापाचा जाड प्लायचा तुकडा, आणि प्लायवर घंटी. चाकांना लॉक आहे, तरी ती घरंगळू नयेत म्हणून कडेने लाकडी पट्ट्या ठोकल्या. प्लाय घरातलाच होता, म्हणून खर्च फक्त रबराचा झाला.

रबर निवडताना अंगठ्याने दाबून बघावं. अजिबात दबत नसेल, तर ते फरशीइतकंच कडक आहे, थरथर सरळ खाली जाते. गादीतल्या फोमसारखं पूर्ण दबून चपटं होत असेल, तरीही उपयोग नाही, कारण चपटं झाल्यावर त्याला लवायला जागाच उरत नाही. वजन पडल्यावर थोडंसं बसलं पाहिजे, पण आणखी दबायला वाव राहिला पाहिजे. एक रात्र घंटी त्यावर ठेवून सकाळी कडेने बघितलं की कळतं. वॉशिंग मशीनखाली घालायच्या रबरी वाट्या मिळतात, त्याही चालतात, पण घंटीचं वजन त्या पेलतील का ते दुकानात विचारून घ्यावं.

एवढं करून आवाज गेला नाही तर?

आमचाही पहिल्या दिवशी गेला नाही. काकांचा फोन आला, "कमी आहे, पण मधूनच किणकिण येते." मी घंटी लावून शेजारी खाली बसले आणि एकेका वस्तूला हात लावत गेले. घंटीच्या कोपऱ्याला स्टीलची मांडणी किंचित टेकत होती आणि तिच्यावरचे चमचे थरथरत होते. मांडणी भिंतीला ठोकलेली, म्हणजे रबर टाळून थरथर दुसऱ्या वाटेने भिंतीत जात होती. मांडणी दोन बोटं सरकवली आणि किणकिण थांबली. घंटीवर ठेवलेले डबे, शेजारचा सिलिंडर, मागे अडकलेला झाडू, यांतलं काहीही घंटीला आणि भिंतीला एकाच वेळी टेकता कामा नये.

तरीही आवाज शून्य होत नाही, हे काकांना आधीच सांगितलं होतं. स्लॅब एकच आहे. कान देऊन ऐकलं, तर आजही खाली हलकी घरघर येते. उरलेलं काम ठरलेली वेळ करते.

भिंतीला थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावले तर?

त्याने खोलीतला घुमणारा आवाज थोडा मऊ होईल, भिंतीतून उतरणारी थरथर थांबणार नाही. तो खर्च करू नका. घंटीवर गोधडी टाकणं तर धोक्याचं आहे. मोटरला हवा मिळत नाही आणि ती तापते. घंटी दुसऱ्या जागी हलवायची असेल, तर तिथे अर्थिंग असलेला जाड पिनांचा सॉकेट आहे का हे आधी बघा. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर घंटी चालवू नये.

मोबाइलवर डेसिबल मोजून दाखवलं तर वाद मिटेल का?

बहुतेक वेळा वाढेल. फोनचा माइक बोलणं ऐकायला बनवलेला असतो, खालच्या पट्टीतली घरघर तो नीट पकडत नाही. नेहमीचं डेसिबलचं मापही कानाच्या हिशेबाने खालच्या पट्टीला कमी वजन देतं. त्यामुळे स्क्रीनवर आकडा लहान दिसतो आणि समोरच्याच्या पाठीला मात्र पलंग थरथरताना जाणवतो. तो आकडा दाखवणं म्हणजे "तुम्हाला होतोय तो त्रास नाहीच" असं सांगणं. भिंतीवर हात ठेवणं जास्त खरं.

नियम काय सांगतो? दिवसा तर परवानगी आहे ना?

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45 आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. हे आकडे परिसरातल्या आवाजाचे आहेत, भिंतीतून उतरणारी घरघर त्यांत नीट बसत नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये मात्र इतर सदस्यांना उपद्रव होईल असं काही करू नये, असं आहे, आणि त्याला घड्याळ लावलेलं नाही. त्यामुळे "सकाळी नऊ म्हणजे दिवस" हे उत्तर कागदावर बरोबर दिसलं, तरी थर्ड शिफ्टहून आलेल्या पोराच्या झोपेला त्याचा उपयोग नाही. पहिल्याच उत्तरात नियम काढला की समोरचाही नियम काढतो, मग प्रकरण कमिटीकडे जातं, आणि कमिटीही शेवटी "आपसात वेळ ठरवा" हेच सांगते.

मुलगा ढोलपथकात आहे. घरी सराव केला तर चालेल का?

फ्लॅटमध्ये ढोल नाही. कोणतंही रबर त्याला पुरत नाही. हात बसवायचा असेल, तर टिपरू उशीवर मारून ठेका घोटावा, आणि ढोल पथकाच्या सरावाच्या मैदानावरच वाजवावा.

समोरचा तिखटच बोलत राहिला, भेटायलाही तयार नसेल तर?

वेळ आपण बदलावी, घंटी भिंतीपासून ओढावी, रबर घालावं, आणि काय केलं ते तारखेसह ग्रुपवर एकदा लिहावं. "मंगळवारपासून दळण संध्याकाळी साडेपाचनंतरच. घंटीखाली रबर घातलं आहे. अजून जाणवत असेल तर दिवस आणि वेळ सांगा, म्हणजे त्या वेळी आमच्याकडे काय चालू होतं ते ताडून बघता येईल." हा शेवटचा भाग खूप कामाचा आहे. सांगितलेल्या वेळी आपली घंटी बंदच असेल, तर आवाज दुसऱ्या घरातला आहे. मग शोध सगळ्यांनी मिळून घेता येतो, पाण्याच्या पंपापासून लिफ्टपर्यंत.

नंतर पुन्हा विचारावं का?

दोन आठवड्यांनी मी काकांना फोन केला. त्यांनी मुलाकडेच दिला. तो म्हणाला, "ताई, गेल्या आठवड्यात थर्ड होती. एकदाही जाग आली नाही." मी ग्रुपवर दोन ओळी टाकल्या की काकांच्या मदतीने आवाजाचं मूळ सापडलं, कुणाची घंटी भिंतीला टेकली असेल तर चार बोटं पुढे ओढून बघा. त्या संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या वहिनी उरलेल्या रबर शीटचा तुकडा मागायला आल्या. त्यांची वॉशिंग मशीन आमच्या डोक्यावर फिरते.